नऊ कड्या, 341 खेळी : चिनी कड्यांचं कोडं सोडवताना

या कोड्यात एक लांबट, दुपदरी तारेचा दांडा असतो आणि त्यावर ओळीने कड्या अडकवलेल्या असतात. प्रत्येक कडीला खाली एक बारीक काडी. ती शेजारच्या कडीतून जाऊन तळाच्या पट्टीत बसते. दांडा पूर्ण मोकळा करायचा, एवढंच काम. माझ्याकडचं नऊ कड्यांचं आहे, पण त्याला हात घालण्याआधी मी पाच कड्यांचं घेऊन बसलो, आणि खरं कळलं ते तिथेच.

टोकाच्या कडीला एक नंबर देऊ. ती केव्हाही निघते. दांडा जरा मागे ओढायचा, कडी टोकावरून वर घ्यायची आणि दोन पदरांमधल्या फटीतून खाली सोडायची. बाकीच्या कड्या मात्र अडून बसतात. तीन नंबर हलवायची तर दोन नंबर दांड्यावर हवी आणि एक नंबर खाली. पाच नंबर हलवायची तर चार नंबर वर, आणि एक, दोन, तीन सगळ्या खाली. म्हणजे कुठल्याही क्षणी फार तर दोनच खेळी शक्य असतात: एक नंबरची कडी, किंवा दांड्यावरच्या पहिल्या कडीच्या मागची कडी. त्यातली एक म्हणजे आपण आत्ताच केलेली खेळी उलटवणं. थोडक्यात, रस्ता एकच आहे. त्याला फाटे नाहीत. निवड करायची ती फक्त सुरुवातीला, कुठल्या दिशेने निघायचं याची.

हे पटावं म्हणून मी पाच कड्यांवर मुद्दाम दोन नंबरपासून सुरुवात केली. दहा खेळ्यांनंतर दांड्यावर एकटी पाच नंबर उरली आणि पुढे जायला जागाच नव्हती. परत फिरणं भाग. एक नंबरपासून निघालं की मात्र क्रम असा पडतो: 1, 3, 1, 2, 1, 5. सहाव्या खेळीला पाच नंबर सुटते आणि वर एकटी चार नंबर राहते. तिच्यासाठी उरलेल्या पंधरा खेळी अशा:

1 2 1 3 1 2 1 – 4 – 1 2 1 3 1 2 1

मधल्या चारच्या दोन्ही बाजूंना तेच सात आकडे. आधी सात खेळ्यांनी तीन नंबर एकटी चढवायची, चार नंबर काढायची, मग त्याच सात खेळ्या उलट्या करून तीन नंबर उतरवायची. त्या सातांच्या पोटातही तसंच: 1 2 1, मध्ये 3, पुन्हा 1 2 1. हा आरसा दिसला तेव्हा मी खेळ बाजूला ठेवून नुसता कागदाकडे बघत बसलो होतो!

वर असलेली कडी 1 आणि खाली असलेली 0, असं लांबच्या कडीपासून लिहिलं की प्रत्येक खेळीला एकच आकडा बदलतो. फ्रान्समधल्या लुई ग्रोने 1872 मध्ये या कोड्याची मांडणी अशीच द्विमान आकड्यांत केली होती. तोच क्रम आज ग्रे कोड म्हणून ओळखला जातो, तो बेल लॅब्जच्या फ्रँक ग्रेच्या नावाने. त्याचं पेटंट 1953 चं. किती खेळी उरल्या तेही यातून वाचता येतं. डावीकडून चालत यायचं आणि प्रत्येक जागी तिथपर्यंतचे एक मोजायचे: विषम असतील तर 1 लिहायचा, सम असतील तर 0. 11010 चं होतं 10011, म्हणजे 19 खेळी बाकी. 11111 चं 10101, म्हणजे 21. नऊ कड्यांसाठी 101010101, म्हणजे 341. पहिल्या दोन कड्या एकदम काढणं ही एकच खेळी धरणारे लोक 256 सांगतात. त्यांचंही बरोबर आहे, फक्त मोजणी वेगळी.

नऊ कड्यांत धीर सुटतो तो 86 व्या खेळीला. नऊ नंबर सुटते, दांड्यावर एकटी आठ नंबर दिसते, बघणाऱ्याला वाटतं झालंच आता. पण अजून 255 खेळी बाकी असतात. याच लांब पट्ट्यात कुणी हाक मारली की कुठे होतो ते विसरायला होतं. तेव्हा दांड्यावरच्या कड्या मोजायच्या. विषम असतील तर एक नंबर हलवायची, सम असतील तर पहिल्या चढलेल्या कडीच्या मागची. क्रम पाठ करायची गरजच नाही.

पुन्हा चढवताना नियम उलटा होतो: सम असतील तर एक नंबर. मात्र नवाच्या नऊ वर आल्या की तिथेच थांबायचं. तसंच पुढे गेलात तर आणखी 170 खेळ्यांनी दांड्यावर एकटी नऊ नंबर राहते आणि सगळं परत फिरावं लागतं.