एकच कार्ड, तीन विक्रेते

घरच्या सीसीटीव्हीसाठी 128 जीबीचं मेमरी कार्ड हवं होतं. या मालात नकली कार्डांचा सुळसुळाट आहे, म्हणून ॲमेझॉनवर ब्रँड ठरवल्यावर थेट खरेदी न करता त्याच पानावरची इतर विक्रेत्यांची यादी उघडली. भाव होते 749, 820 आणि 899 रुपये. तारे मात्र तिघांकडेही 4.3.

साहजिकच आहे, कारण ते तारे कार्डाच्या पानाला मिळालेले असतात. त्यात 32 जीबीपासून 512 जीबीपर्यंतचे सगळे अभिप्राय एकत्र मिसळलेले होते. फिल्टर लावून फक्त 128 जीबीचे, तेही ताजे, वाचले. ‘शंभरच्या वर दाखवतं, पण तीस जीबीनंतर फाइल्स खराब’ अशा एक ताऱ्याच्या तक्रारी सापडल्या. त्यांना कार्ड कोणी विकलं होतं, हे तिथं कळत नाही. एवढं कळलं की या पानावरून कुणीतरी नकली माल विकलाय.

मग विक्रेत्यांच्या नावांवर क्लिक केलं. 749वाल्याचं आजवरचं रेटिंग झकास होतं, पण गेल्या 30 दिवसांचं पाहिलं तर निम्मे अभिप्राय नकारात्मक. जुन्या पुण्याईवर दुकान चाललेलं! शिवाय माल तो स्वतःच पाठवणार होता. 820वाला नवीन, त्याला रेटिंगच नव्हतं. फुलफिल्डचा बिल्ला मात्र होता. हा बिल्ला सांगतो की माल ॲमेझॉनच्या गोदामातून येईल आणि परतीचं तेच बघतील. कार्ड अस्सल आहे, याची हमी तो देत नाही. गोदामात माल विक्रेत्यानंच पाठवलेला असतो.

899वाल्याकडे बिल्ला होता आणि वर्षभरातले हजारो अभिप्राय, बहुतेक चांगले. तरी बिल्लेवाल्यांचे आकडे मी जरा हात राखूनच धरतो. डिलिव्हरीला उशीर झाल्याची तक्रार ॲमेझॉन स्वतःच्या अंगावर घेऊन खोडते आणि ती विक्रेत्याच्या रेटिंगमध्ये धरत नाही. त्यामुळे टक्केवारी बाजूला ठेवून न खोडलेल्या तक्रारी वाचल्या. बिल न मिळाल्याची कुरकुर होती; ‘नकली’, ‘सील फोडलेलं’ असं कुठं दिसलं नाही. दीडशे रुपये जास्त गेले, पण घेतलं त्याच्याकडूनच.

कार्ड आल्यावर विंडोजनं 119 जीबी दाखवलं. ते बरोबरच, कंपनीची आणि विंडोजची मोजायची रीत वेगळी. पण नकली कार्डही हाच आकडा बेधडक दाखवतं, कारण खोटी क्षमता त्याच्या कंट्रोलरमध्येच भरलेली असते. म्हणून परतीची मुदत संपायच्या आत H2testw चालवलं. ते रिकामं कार्ड काठोकाठ भरतं आणि लिहिलेलं परत वाचून ताडून पाहतं. दुपारभर लॅपटॉप अडकला. संध्याकाळी पडद्यावर Test finished without errors आलं, तेव्हा कार्ड कॅमेऱ्यात घातलं.