तुम्ही विचारलंत म्हणून: तिसऱ्या मेलबद्दल

“सहा आठवडे मेल पाठवत बसण्यापेक्षा एक फोन करून कर्जाची फाइल का घेत नाही? आणि तिसऱ्याच मेलला गिऱ्हाइकाला घाबरवता कशाला?”

सांगलीतल्या एका गृहकर्ज सल्लागारासाठी, पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना जाणारी मेलची मालिका मी लिहिते, त्यावरचा हा प्रश्न. फोन सगळेच करतात. कुठे नंबर टाकला की तासाभरात दोन-तीन एजंट ‘सर, लोनची फाइल लॉगिन करायची का?’ म्हणतात आणि पहिल्यांदा घर घेणारा माणूस नंबर ब्लॉक करून मोकळा होतो. कर्ज त्याला हवं असतं. आपल्याला काय काय माहीत नाही हे परक्याला फोनवर सांगायची लाज वाटते. मेल रात्री जेवणं झाल्यावर वाचता येतो, घरात दाखवता येतो. व्हॉट्सॲपवर मीही आठवण टाकते, पण आकडेमोड तिथे ‘शुभ सकाळ’च्या खाली गाडली जाते.

सल्लागारांचे पहिले दोन मेल निरुपद्रवी आहेत. पहिल्यात हप्ता: साडेआठ टक्के दर धरला तर 27 लाखांना 20 वर्षांसाठी महिना साधारण 23,400 रुपये. दुसऱ्यात सिबिल: स्वतःचा स्कोअर स्वतः पाहिल्याने तो घटत नाही, पण एकाच वेळी चार बँकांत अर्ज टाकले तर त्या चौकशा दिसतात. इथवर कुणाची तक्रार नसते.

तिसरा मेल पैशाचा. विश्रामबागेत 30 लाखांचा बांधून तयार फ्लॅट धरा. रिझर्व्ह बँकेच्या मर्यादेनुसार 30 लाखांपर्यंतचं कर्ज किमतीच्या जास्तीत जास्त 90 टक्के, म्हणजे इथे 27 लाख. बँक त्याहून कमीही देते. उरलेले 3 लाख आपले. मुद्रांक शुल्क 6 टक्क्यांनी 1 लाख 80 हजार, नोंदणी फी 30 हजार. ही रक्कम कर्जासाठी घराच्या किमतीत धरत नाहीत. म्हणजे वकील, प्रोसेसिंग फी, सामानाचा टेम्पो सोडून हातात 5 लाख 10 हजार हवेत. (खरेदी फक्त बाईच्या नावावर केली तर मुद्रांकात एक टक्का सवलत मिळते, तीस हजार वाचतात. हे वाक्य सगळ्यात जास्त लोक फॉरवर्ड करतात.) खाली ‘अर्ज करा’ असं बटण नाही. एकच ओळ आहे: तुमच्याकडे किती जमलेत ते उत्तरात लिहा.

याच मेलला एका बाईंचं उत्तर आलं. शाळेत नोकरी, नवऱ्याचं दुकान. “आमच्याकडे दोन लाख आहेत. म्हणजे आम्ही घर घ्यायचंच नाही का?” सल्लागारांनी मला फोन करून चांगलंच झापलं. “मॅडम, तयार गिऱ्हाईक पळवलंत. उरलेल्या रकमेला पर्सनल लोन काढून दिलं असतं की!” तेच तर. त्या पर्सनल लोनचा हप्ताही पगारातूनच जातो, बँक तो मोजते आणि गृहकर्जाची रक्कम तेवढी खाली आणते. खड्डा एका बाजूला बुजवून दुसऱ्या बाजूला उकरल्यासारखं. मी आधी बाईंची मालिका थांबवली. उत्तर आल्यावर पुढचे मेल बंद व्हावेत, अशी अट मुद्दाम घालावी लागते. नाहीतर ‘दोन लाखच आहेत’ म्हणणाऱ्या बाईंना चार दिवसांनी ‘अभिनंदन, आता प्लॉट निवडा’ जातं. मग सल्लागारांच्या नावाने साधं उत्तर लिहिलं: टोकन देऊ नका, भविष्य निर्वाह निधीतून घरासाठी किती काढता येतील ते शाळेत विचारा, आणि आकडा कळला की सांगा.

बाईंनी पुढे घर घेतलं. कर्ज मात्र पगार होतो त्या बँकेतून, थेट. सल्लागारांना दमडी मिळाली नाही, आणि हे ते मला दर बैठकीला ऐकवतात. त्यांचं चूक आहे असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. त्यांचं घर कमिशनवर चालतं, माझं त्यांच्या बिलावर. हे काम हाती घेताना ‘विश्वास बसला की माणूस आपल्याकडेच येतो’ असं मीच त्यांना सांगितलं होतं. येतोच असं नाही.

तरी मेल तिसराच ठेवलाय, कारण चौथा गुंठेवारीचा, म्हणजे परवानगीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीचा आहे. सांगलीत स्वस्त प्लॉट म्हटलं की गुंठेवारी आलीच. नियमितीकरणाचा दाखला नसेल तर बहुतेक बँका त्यावर कर्ज देत नाहीत, आणि तोवर माणसाने इसार देऊन टाकलेला असतो. हातातले पैसे किती हे ज्याला कळलंय, तो इसार देण्याआधी कागद मागतो. व्याजदर, मुदतीआधी परतफेड आणि भेटीची वेळ त्यानंतर.

किती जणांनी मेल उघडला, तो आकडा मी सल्लागारांना दाखवत नाही. मेल उघडला का, हे त्यातलं चित्र उतरलं का यावरून मोजतात; पण काही मेल ॲप चित्रं आपणहून उतरवून घेतात, मग न वाचलेलाही उघडला म्हणून मोजला जातो. मी उत्तरं मोजते. सर्वाधिक उत्तरं तिसऱ्यालाच येतात, आणि यादीतून नाव काढणारेही तिथेच सर्वाधिक. सल्लागार दुसरा आकडा वाचतात, मी पहिला. पुढच्या बॅचला अर्ध्या यादीला तो मेल पाचवा म्हणून जाणार आहे, त्यांच्या हट्टाखातर.