मोजणी चालू, ऑर्डरीही चालू

"तुम्ही म्हणे रोज थोडा स्टॉक मोजता आणि निघालेला फरक लगेच सिस्टिममध्ये टाकता. मग गिऱ्हाइकांच्या पेंडिंग ऑर्डरी बिघडत कशा नाहीत?"

सुरुवातीला बिघडल्या होत्या. भोसरीत बेअरिंगच्या एका डीलरचं गोडाउन मी सांभाळते. आमच्याकडे पूर्वी मार्चअखेर दोन दिवस शटर ओढून सगळा माल मोजायचे. त्या दोन दिवसांत कुणाची मशीन बंद पडली तर तो दुसऱ्या दुकानात जायचा, आणि मोजणीत निघालेला फरक कुठल्या महिन्यातला हे कुणालाच सांगता यायचं नाही. म्हणून आम्ही रोज थोडं मोजायचं ठरवलं. सकाळी साडेआठ ते साडेनऊ, पहिला टेम्पो भरायच्या आधी, आठ-दहा कप्पे. जास्त खपणारा आणि महाग माल महिन्यातून एकदा, मधला तिमाहीत एकदा, क्वचित हलणारा वर्षातून एकदा.

पहिल्याच महिन्यात मी चूक केली. एका कप्प्यात सकाळी 80 नग मोजले, सिस्टिममध्येही 80 होते. दुपारी त्यातले 30 बिल होऊन गेले. संध्याकाळी निवांत बसून मी मोजणीचा कागद काढला आणि 80 हा आकडा नोंदवला. गेलेले 30 नग सिस्टिममध्ये परत आले. दुसऱ्या दिवशी सेल्सवाल्याने 70 ची ऑर्डर घेतली, कप्प्यात होते 50.

तेव्हापासून मोजलेला आकडा मी कधीच टाकत नाही, फक्त फरक टाकते. मोजणी सुरू करताना त्या कप्प्याचा सिस्टिममधला आकडा वेळेसकट टिपून ठेवायचा, मोजलेला आकडा त्याच्याशी ताडायचा आणि वजाबाकी काय येते तेवढंच नोंदवायचं. मग नोंद संध्याकाळी करा की दोन दिवसांनी, मधली बिलं आपापल्या जागी राहतात. टॅली वापरणाऱ्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. फिजिकल स्टॉक व्हाउचरमध्ये मोजलेला आकडा जातो आणि स्टॉक तेवढाच धरला जातो. स्टॉक जर्नलमध्ये आपण फक्त कमी किंवा जास्त झालेले नग टाकतो. चालू गोडाउनात मला दुसरं बरं वाटतं.

टिपलेला आकडा मोजणाऱ्याला दाखवायचा नाही. तो दिसला की हात तिथेच थांबतो. काही बेअरिंग दहाच्या नळीत येतात आणि फुटलेली नळीसुद्धा दहाचीच धरली जाते. मोजणी सुरू असेपर्यंत कप्प्यावर लाल चिठ्ठी लटकते. फार घाईचा माल काढावाच लागला तर काढणारा त्या चिठ्ठीवर नग आणि वेळ लिहितो.

आता खरी गोम. सिस्टिममध्ये एकाच मालाचे तीन आकडे असतात: एकूण हातात असलेला, ऑर्डरींसाठी राखीव ठेवलेला आणि उरलेला मोकळा. मोजणी पहिल्याशीच ताडायची असते. शिवाय 'हातात' म्हणजे फक्त कप्प्यात नव्हे. काढून पॅकिंगच्या टेबलावर ठेवलेला पण बिल न झालेला मालही अजून आपलाच असतो. इनवर्डची नोंद झाली पण खोकं दारातच पडलंय, तर तेही मोजायचं.

मागच्या पावसाळ्यातला 6205 ZZ चा प्रसंग सांगते. हातात 140, तीन ऑर्डरींसाठी राखीव 40, 36 आणि 20 मिळून 96, मोकळे 44. मोजणाऱ्या मुलाने कप्प्यात 90 मोजले. 140 उणे 90, म्हणजे 50 ची तूट, असं तो म्हणाला. ती तशीच टाकली असती तर हातात 90 आणि राखीव 96 झाले असते, आणि शेवटच्या 20 वाल्या गिऱ्हाइकाला आम्ही विनाकारण "सहा नग नंतर देतो" म्हणून कळवलं असतं. खरं तर पहिल्या ऑर्डरीचे 40 टेबलावर पट्टी मारून तयार होते. 90 आणि 40 मिळून 130. तूट 10 ची. दुसऱ्या कुणी मोकळ्या 44 शी ताडलं असतं तर त्याला उलट 46 नग जास्त दिसले असते.

तूट 10 ची आहे हे दुसऱ्या माणसाने पुन्हा मोजून पक्कं केलं, तरी मी ती लगेच टाकली नाही. मोकळ्या 44 पैकी 10 नग आमच्याच नावाने राखीव करून ठेवले. त्यामुळे तपास संपेपर्यंत ते कुणाला कबूल होणार नव्हते आणि गिऱ्हाइकांच्या 96 ला हातही लागणार नव्हता. ही सोय मला फार उपयोगी वाटते. एकूण आकडा हलत नाही, फक्त शंकेतला माल विक्रीतून बाजूला होतो.

मग शेजारचे कप्पे मोजले. 6205 ZZ C3 सिस्टिममध्ये 60, मोजून 70. मापाला दोन्ही सारखेच: आत 25 मिलिमीटर, बाहेर 52, जाडी 15. फरक आतल्या सैलपणाचा. मोटर तापली की बेअरिंगची आतली रिंग बाहेरच्या रिंगेपेक्षा जास्त फुगते, म्हणून मोटरवाले थोडं जास्त सैल असलेलं C3 मागतात. इथे दोन शक्यता होत्या. साध्या ZZ ची दहा खोकी चुकून C3 च्या कप्प्यात पडली असतील तर उचलून जागेवर ठेवायची, नोंदीची गरजच नाही. पण खोकी न फोडता एकेक लेबल वाचलं तर सत्तरच्या सत्तर C3 निघाली. म्हणजे कुणीतरी C3 मागितलं होतं आणि आम्ही त्याला साधं दिलं होतं.

मागच्या मोजणीनंतर C3 ची किती बिलं झाली ते पाहिलं. पाच आठवड्यांत दहा नगांचं बिल एकच होतं, मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या एका वर्कशॉपचं. मी फोन केला. "ताई, चार बसवलेत, सहा खोक्यातच आहेत," मालक म्हणाले. नशीब, बसवलेले चार ज्या दोन मोटरींत होते त्या अजून त्यांच्याकडेच होत्या. त्यांनी त्या उघडल्या. आम्ही दहा C3 पोचवली आणि न वापरलेली सहा परत आणली. शाफ्टवरून ओढून काढलेलं बेअरिंग पुन्हा विकण्यासारखं राहत नाही, म्हणून ती चार गेली. C3 चा हिशेब आपोआप जुळला. ZZ मध्ये दहाऐवजी चारचीच तूट टाकावी लागली, तीही मोकळ्यातून, आणि आमच्या नावाचे राखीव नग सोडून दिले. त्या सकाळी मी एका कप्प्यात दहा वजा आणि दुसऱ्यात दहा अधिक करून मोकळी झाले असते तर कागद स्वच्छ दिसला असता. त्या दोन मोटरी मात्र चुकीचं बेअरिंग घेऊन कुणाच्या तरी कारखान्यात गेल्या असत्या. याचा विचार मनात आला की मला अजून अस्वस्थ व्हायला होतं.

आता तूट मोकळ्यात मावत नाही तेव्हाचं. टेपर रोलर 30206: हातात 24, राखीव 20, मोकळे 4. राखीवपैकी 12 एका ट्रॅक्टर गॅरेजचे, शुक्रवारी द्यायचे. उरलेले 8 एका गिअरबॉक्सवाल्याचे, त्यांना पुढच्या आठवड्यात हवे होते. दोनदा मोजून, टेबल धुंडाळूनही नग 16 च भरले. तूट 8, मोकळे 4. म्हणजे कबूल केलेल्या मालातलेच 4 नाहीत.

अशा वेळी थेट नोंद केली तर काही सिस्टिम ती घेतच नाहीत, काही मोकळा आकडा उणे करून ठेवतात, आणि काही आपल्या हिशेबाने कुणाचं तरी राखीव काढून टाकतात. कुणाचं काढलं हे गाडी भरताना कळतं. म्हणून क्रम उलटा ठेवायचा: आधी राखीव, मग तूट. कुणाची तारीख आधी, कुणाचं काम अडेल, हे माणसाने ठरवायचं. आम्ही गॅरेजचे 12 तसेच ठेवले. गिअरबॉक्सवाल्याचे राखीव 8 वरून 4 केले. त्यांची ऑर्डर मात्र 8 चीच राहिली, तोच दर, तीच तारीख. हा भेद बरेच जण विसरतात. ऑर्डर हा गिऱ्हाइकाचा शब्द असतो, तो आपल्या गोडाउनातल्या गोंधळासाठी बदलायचा नसतो. राखीव ही आपली आतली सोय, ती हलवता येते. उरलेल्या 4 ची खरेदी त्याच दिवशी लावली, त्यांना फोन केला आणि मगच 8 ची तूट टाकली. हातात 16, राखीव 16, मोकळे शून्य.

त्या आठ नगांचं कारण मला सापडलं नाही. पाच आठवड्यांची बिलं, चलानं, परत आलेला माल, शेजारचे कप्पे, सगळं पाहिलं. अशी तूट मी एकटी टाकत नाही, मालकांची सही घेते आणि अकाउंट्सला कळवते. सीजीएसटी कायद्याच्या कलम 17(5)(h) प्रमाणे हरवलेल्या, चोरीला गेलेल्या किंवा हिशेबातून काढून टाकलेल्या मालावर घेतलेलं इनपुट टॅक्स क्रेडिट परत करावं लागतं. म्हणून कारणाच्या रकान्यात नुसतं 'स्टॉक फरक' लिहून चालत नाही. मी 'तपास करून न सापडलेला माल' असं लिहिलं, काय काय तपासलं ते खाली जोडलं, आणि तो कप्पा पुढच्या मंगळवारच्या यादीत पुन्हा घेतला. तोवर गॅरेजचे 12 गेले होते. कप्प्यात 4 होते, सिस्टिममध्येही 4.