आमची वाटचाल : घाणा, गाळ आणि एका पानाचा करार

औसा रोडला आमचा लाकडी घाणा आहे, करडीचा. एका घाणीला १५ किलो करडी, तासभर फिरल्यावर ४ लिटरच्या आसपास तेल. दोन घाणे दिवसभर चालले तर ६० लिटर, त्याच्यावर नाही. आणि तेल निघालं म्हणून लगेच बाटलीत जात नाही, टाकीत चार दिवस गाळ बसू द्यावा लागतो. हे आधीच सांगतो कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

सुरुवातीची वर्षं नीट गेली. गुरुजी, आमचे पहिले गिऱ्हाईक, दर महिन्याला स्टीलचा पाच लिटरचा कॅन घेऊन यायचे, आजही येतात, पैसे आधी ठेवतात मग कॅन पुढं करतात.

मग एका मोठ्या फॉलोअर्सवाल्या पोराशी कोलॅब केलं. सगळं फोनवर, लिहून काहीच नाही. तो म्हणला गिऱ्हाइकाला २० टक्के सूट द्या, मला एमआरपीवर २० टक्के द्या आणि कुरिअर फ्री ठेवा, मी हो हो म्हणत गेलो. आता हिशोब बघा. लिटरची बाटली ३४० ची, त्यातून सूट ६८, त्याचे ६८, कुरिअर ७० गेलं की हातात १३४ राहतात, आणि पेंडीचे पैसे वजा करूनही मला ती बाटली पडते २४० ला! म्हणजे लिटरमागं १०६ रुपये खिशातून, आणि तीन दिवसांत ऑर्डर आल्या ७००. चौऱ्याहत्तर हजार गेले. माझे घाणे तेवढ्या तेलाला बारा दिवस घेतात, लोक फोन करकरून शिव्या देऊलाले, म्हणून घाईत गाळ न बसवताच बाटल्या भरल्या. तिथंच मार खाल्ला. तळाला गढूळ दिसलं की लोक भेसळ म्हणतात. वर त्या पोरानं व्हिडिओत बीपी शुगर जाते असं ठोकून दिलं होतं, असला दावा खाद्यतेलाच्या जाहिरातीत करताच येत नाही आणि उत्तर लायसन्सवाल्याला द्यावं लागतं, मला. शेजारच्या तालुक्यातल्या एका तेलवाल्यानं तर आमच्या गढूळ बाटलीचा फोटो स्टेटसला ठेवला, ते मी अजून विसरलेलो नाही. करडीवाल्यांची उधारी थकली, एक घाणा विकायला काढला होता. तेव्हा गुरुजींनी सहा महिन्यांच्या तेलाचे पैसे एकदम आणून दिले.

दुसऱ्यांदा एका ताईंना विचारलं, त्या आपल्याकडच्या स्वयंपाकाच्या रील टाकतात, फॉलोअर्स कमी पण खाली कमेंटमधे लातूर, निलंगा, उदगीरचीच माणसं. आधी अर्धा लिटर तेल दिलं आणि सोबत लिहिलं, ‘ताई, महिनाभर वापरा, आवडलं नाही तर व्हिडिओची सक्ती नाही.’ त्यांचा होकार आल्यावर मग कराराचं एक पान पाठवलं. एक रील, दोन स्टोरी, त्याचे ३००० ठरलेले. त्यांच्या कोडवर घरपोच पोचलेल्या दर लिटरला ३४ रुपये, परत आलेली बाटली धरायची नाही. सूट नाही, कुरिअर गिऱ्हाइकाचं. महिन्याला ३०० लिटरच्या वर ऑर्डर घेणार नाही, माल पोचायला आठ दिवस, हे रीलमधेच सांगायचं. आजाराचं नाव घ्यायचं नाही, आणि पेड पार्टनरशिपचं लेबल लावायचंच, कारण पैसे घेऊन केलेली जाहिरात लोकांना तशी कळलीच पाहिजे असा नियम आहे.

ताईंनी पान वाचलं, फोन केला. म्हणल्या, ‘दादा, अर्धा दिवस घाण्यावर शूटिंग, एडिटिंग माझंच, ३००० परवडत नाही. ५००० करा, अर्धे आधी. आणि करडीला जरा उग्र वास येतो हे मी बोलणार.’ वर त्यांचा व्हिडिओ मी माझ्या जाहिरातीत तीनच महिने वापरायचा, पुढं परत विचारायचं.

मी कागदावर मांडलं. लिटरला १०० सुटतात, ३४ त्यांचे, ६६ माझे. ५००० वसूल व्हायला ७६ लिटर खपले पाहिजेत, तेवढं होण्यासारखं वाटलं. वासाचं बोलू द्यायला जीव होत नव्हता, पण गुरुजी म्हणले, ‘वास येतो तर येतो म्हणू दे की.’ मी ताईंच्या बाजूनं एक कलम वाढवलं, पैसे दर महिन्याच्या ५ तारखेला, ऑर्डरच्या यादीसकट, म्हणजे त्यांना मला विचारत बसायला नको. तुम्हीही यादी द्याच, आकडा नुसता तोंडी सांगितला की समोरच्याच्या मनात शंका राहते.

पहिल्या महिन्यात ११८ लिटर गेलं. ताईंना ५००० च्या वर ४०१२, मला फी जाऊन २७८८. व्हायरल नाही झालं, पण एकही बाटली गढूळ गेली नाही आणि वासाची तक्रार घेऊन एकही फोन आला नाही. ५ तारखेला यादी पाठवली तर ताईंनी त्यातली एक ऑर्डर खोडली, ती त्यांच्या बहिणीची होती, त्याचे ३४ नको म्हणल्या. आता दिवाळीच्या आधीचं पान त्यांनीच लिहून पाठवलंय.