समुद्रात गेलेल्या २३ विहिरी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्यातली ४१२ विहिरींची यादी मी QGIS या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली, तर नकाशावर अर्धी आफ्रिका दिसू लागली. उजवीकडे वर एका टिकलीएवढ्या जागेत सगळा तालुका गोळा झालेला, आणि डावीकडे खाली, गिनीच्या आखातात, एकच ठिपका. त्या एका ठिपक्यात २३ विहिरी एकमेकींवर बसल्या होत्या.

अक्षांश शून्य, रेखांश शून्य. घानाच्या किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटर दक्षिणेला हा बिंदू येतो. तिथे बेट नाही, नुसता समुद्र आहे. जगभरच्या बेपत्ता नोंदी तिथेच जमतात, म्हणून नकाशावाले त्याला ‘नल आयलंड’ म्हणतात.

ऑफिसात पहिला शेरा आला तो सर्व्हे करणाऱ्या पोरांवर: घरी बसून फॉर्म भरले. मला ते पटलं नाही, म्हणून एक ओळ पूर्ण उघडून पाहिली. गट नंबर होता, विहिरीची खोली होती, काठाचा फोटो होता. पुढे मात्र हे:

```
lat 0.0   lon 0.0   accuracy 0.0
```

खोटं इथे कोण बोलतंय ते तिसऱ्या आकड्यावरून कळतं. फोनला जागा सापडली की अचूकता चार मीटर, बारा मीटर अशी काहीतरी येते. नेमकी शून्य येत नाही. इथे फोनने उत्तरच दिलं नव्हतं आणि फॉर्मने रिकाम्या रकान्यांत शून्य भरलं होतं. पोराला फोन केला तर म्हणाला, “सर, बाहेर ऊन लय होतं जी, टिनाच्या शेडात उभं राहूनच सबमिट केलं.” विहिरीवर तो गेला होता. पण बंद ठेवलेल्या जीपीएसला उपग्रहाची कक्षा कळायला मोकळ्या आभाळाखाली निदान अर्धा मिनिट लागतो, आणि रेंज नसली तर ही माहिती नेटवरूनही येत नाही. जागा मिळाल्याशिवाय फॉर्म पुढे जाऊच द्यायचा नव्हता. ती चूक फॉर्म बनवणाऱ्याची.

शून्याचा खरा त्रास हा की तो वैध आकडा आहे. रकाना रिकामा असता तर फाइल उघडतानाच QGIS ने तक्रार केली असती. शून्यावर ते काही बोलत नाही. त्यात आमच्याकडे कोणीतरी आधी ‘अचूकता १० मीटरच्या आत’ अशी चाळणी लावली होती. त्या चाळणीतून हे २३ सगळ्यात आधी पार झाले. मग विहिरींचा मध्यबिंदू काढला. खऱ्या ३८९ विहिरींचा मध्य साधारण २०.४, ७८.१ वर; २३ शून्यं मिसळल्यावर तो १९.२६, ७३.७४ वर आला, म्हणजे माळशेज घाटाजवळ. ठिपका जमिनीवर आणि महाराष्ट्रातच असल्याने कोणाला शंकाही आली नाही.

ओळी पुसायच्या नाहीत. खोली, गट नंबर, फोटो हे सगळं खरं आहे. खोटी आहे ती फक्त जागा. म्हणून मूळ फाइलची प्रत ठेवली आणि शेरा लिहून तेवढीच जागा रिकामी केली:

```
ALTER TABLE vihiri ADD COLUMN shera TEXT;
UPDATE vihiri
SET shera = 'GPS nahi', lat = NULL, lon = NULL
WHERE abs(lat) < 0.0001 AND abs(lon) < 0.0001;
```

हे सगळं अंशांऐवजी मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या यूटीएम पद्धतीवर नेण्याआधीच करायचं. एकदा रूपांतर झालं की शून्य शून्य राहत नाही, भलताच आकडा होतो आणि वरची अट त्याला पकडत नाही.

त्यानंतर जिल्ह्याची जरा सैल चौकट लावायची: अक्षांश १९.३ ते २०.८, रेखांश ७७.२ ते ७९.२. एकच रकाना शून्य असेल तर बिंदू सहारात किंवा श्रीलंकेच्या दक्षिणेला समुद्रात पडतो. अक्षांश-रेखांशांची अदलाबदल झाली तर विहीर उत्तर ध्रुवाकडच्या स्वालबार्ड बेटांजवळ, बर्फात जाते. शून्याच्या अटीतून हे दोन्ही सुटतात, चौकटीतून सुटत नाहीत. पण शेजारच्या गावात पडलेला चुकीचा बिंदू चौकटीलाही दिसत नाही. तो गट नंबराशी ताडूनच सापडतो.

२३ पैकी १४ विहिरींची जागा फोनमधल्या मूळ फोटोंत सापडली. आधी फोटो काढले तेव्हा पोरं विहिरीच्या काठावर, उघड्यावर होती. मेसेजवरून आलेल्या प्रतींतून ही माहिती बहुधा गळालेली असते, म्हणून फोनच मागवले. सहा विहिरींवर माणूस परत गेला.

तीन राहिल्या. नकाशावर ४१२ ठिपके दिसायला हवेत म्हणून त्या गावाच्या मध्यावर टाका, असं वरून सांगणं आलं. मी टाकल्या नाहीत. दोन विहिरींतलं अंतर मोजण्यासाठी हा नकाशा होता, आणि गावाच्या मध्यावर टाकलेली विहीर चौकटीतून, शून्याच्या अटीतून आणि डोळ्यांखालूनही खरी म्हणून निघून गेली असती. त्या तिघींच्या ओळीत अजून गट नंबर आहे, आणि जागेचा रकाना रिकामा आहे.