शुक्रवारची मटकी अखेर चिकट झाली नाही

शुक्रवारी संध्याकाळी फ्रीजमधला डबा उघडला आणि मटकी जशी ठेवली होती तशीच निघाली. दाणे सुटे, मोड पांढरे आणि वास ओल्या शेंगेसारखा हिरवट. तेही पावसाळ्यात, जेव्हा घरातलं मीठसुद्धा पाणी सोडतं. तिची भेळ केली, कांदा-टोमॅटो-कैरी घालून, आणि उसळ न करता आठवड्याची दुसरी खेप संपवायला घेतली. म्हणून ही नोंद लगेच लिहिते आहे.

ज्यांनी आधीच्या नोंदी वाचल्या आहेत त्यांना दुखणं माहीत आहे. रविवारी मोठ्या पातेल्यात सगळं भिजवायचं, सोमवारी मोड काढायचे, मंगळवारपर्यंत डबे छान भरायचे आणि बुधवारी उरलेलं हाताला बुळबुळीत लागायचं. मग फेकवत नाही म्हणून घाईने फोडणी, आणि घरात पुन्हा उसळ. मूग बरे टिकत, हरभरे त्याहून बरे. घात नेहमी मटकी करायची.

मटकीचं दाण्याचं आकारमान लहान आणि साल पातळ. ती भराभर फुगते, भराभर मोड काढते आणि एकमेकींना घट्ट चिकटून बसते. तीन वाट्या मटकीचं गाठोडं बांधलं की बाहेरचे दाणे गार आणि मध्ये बोट खुपसलं तर चक्क ऊब लागते. मोड येताना प्रत्येक दाणा श्वास घेतो आणि उष्णता सोडतो. छोट्या पुरचुंडीतली ऊब बाहेर निघून जाते, मोठ्या गाठोड्यात ती कोंडते. आत हवा कमी, ओल भरपूर आणि ऊबही आयती. आंबायला याहून वेगळं काही लागत नाही. वरून मोड देखणे दिसतात, पण गाठोडं सोडून मधली मूठ नाकाशी नेली की आंबूस वास कळतो. बिघाड फ्रीजमध्ये सुरू होतच नाही, तो पंचातूनच डब्यात येतो.

हे पक्कं करायला एकाच पुड्यातल्या मटकीचे दोन भाग केले. एक भाग नेहमीसारखा पंचात घट्ट बांधून झाकणाच्या डब्यात ठेवला. दुसरा स्टीलच्या चाळणीत बोटाच्या एका पेराएवढ्याच जाडीत पसरला, वर ओला पंचा नुसता अंथरला आणि चाळणी पातेल्यावर टांगती ठेवली, म्हणजे खालून हवा. बांधलेल्या मटकीला मोड लांब आले, हे मान्य. चाळणीतले आखूड होते, पण सगळे एकसारखे आणि कोरडे. फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशी बांधलेल्या भागाच्या तळाशी ढगाळ पाणी साचलं होतं, चाळणीतला भाग खडखडीत. डब्यासाठी मला लांब शेपट्या नकोच आहेत. दाण्याइतका मोड आला की मी थांबते, कारण त्यापुढे मोड तुटतात आणि तुटलेल्या जागीच आधी सड लागते.

दुसरी गोष्ट सासूबाईंमुळे सुटली. मटकीत गणंग फार निघतात. कितीही भिजवा, ते खड्यासारखे राहतात आणि डब्यात दाताखाली येतात. मी भिजवण्याआधी निवडत होते, पण कोरडे असताना गणंग ओळखूच येत नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, भिजल्यावर रोळून घे. फुगलेले वर येतील, गणंग खड्यांबरोबर खाली बसतील." तांदूळ रोळतो तसं पसरट पातेल्यात पाणी घेऊन हलक्या हाताने गोल फिरवत वरचे दाणे दुसऱ्या भांड्यात ओतत गेले. तळाशी गणंग जमा झाले, अगदी वेगळे दिसतील असे. त्याच वेळी तरंगणारी टरफलं आणि अर्धी फुटलेली डाळही काढून टाकली. हे जास्त महत्त्वाचं ठरलं, कारण फुटक्या दाण्याला मोड येत नाही, तो फक्त भिजून सडतो आणि शेजारच्यांना घेऊन जातो.

तिसरी गोष्ट वाळवण्याची, आणि माझ्या मते याच एका पायरीने शुक्रवार मिळवून दिला. मोड आले की स्वच्छ पाण्यातून एकदा काढायचे, निथळायचे, मग मोठ्या ताटात पंख्याखाली पसरायचे. अर्धा तास पुरतो, दमट दिवशी थोडा जास्त. दाणे हाताला ओले लागेनासे झाले की डब्यात. डब्याच्या तळाशी कोरडा सुती रुमाल, झाकण नुसतं टेकवलेलं. फ्रीजमध्येही मोड जिवंतच असतात, हळू का होईना श्वास घेतात, त्यामुळे घट्ट झाकणाखाली पाण्याचे थेंब धरतात. रुमाल तो ओलावा टिपतो. दुसऱ्या दिवशी तो बदलला तर उत्तम.

आता वेळापत्रक. चार माणसं, दोन डबे आणि संध्याकाळचं खाणं, एवढ्यासाठी एका खेपेला सुक्या कडधान्याची एक वाटी घेते. मोड येऊन ती साधारण अडीच वाट्या होते. तत्त्व एकच ठेवलं आहे: एक खेप चाळणीतून निघाल्यावरच दुसरी भिजवायची, म्हणजे एकच चाळणी लागते आणि पंचा मध्ये धुऊन उकळता येतो.

रविवारी रात्री ओटा आवरताना मूग भिजतात. सोमवारी सकाळी उपसून चाळणीत जातात, संध्याकाळी एकदा पाण्यातून काढते, मंगळवारी सकाळी डब्यात काकडी-डाळिंबाबरोबर कोशिंबीर. उरलेले बुधवारच्या धिरड्यात वाटले जातात. मंगळवारी रात्री मटकी, बुधवारी सकाळी उपसा, गुरुवारी सकाळी डबा आणि शुक्रवारी भेळ. गुरुवारी रात्री हरभरे. त्यांना भिजायला बारा तास लागतात आणि मोडाला दीड दिवस, म्हणून शनिवारी संध्याकाळी एका शिट्टीत शिजवून चाट. सोमवारच्या डब्यात मोड नसतात, आणि ते मला चालतं. उसळ हवीच असेल तर रविवारी, आवडीने.

भिजवण्याचे तास ऋतूप्रमाणे बदलावे लागतात. उन्हाळ्यात मूग-मटकी सहा-सात तासांत तयार होतात. रात्रभर ठेवलं तर सकाळी पाण्यावर फेस दिसतो आणि तो दिसला की आंबणं सुरू झालेलं असतं. फक्त पाणी बदलून भागत नाही, मी ती खेप धुऊन लगेच शिजवते. थंडीत उलट, चाळणी बंद ओव्हनमध्ये किंवा पिठाच्या डब्यांच्या कपाटात ठेवावी लागते.

डब्यात कच्चे मोड मी देत नाही. २०११ मध्ये जर्मनीत ई. कोलाय जंतूंची मोठी साथ आली होती, तिचा माग मेथीच्या मोड आणलेल्या दाण्यांपर्यंत गेला. मोडाला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते, आणि डबा तर दुपारपर्यंत दप्तरात असतो. चाळणीतच, खालचं पाणी उकळल्यावर पाच मिनिटं वाफ देते. दाणा आतपर्यंत गरम होतो, कुरकुरीतपणा राहतो. मग ताटात पूर्ण गार करून भरायचे. गरम भरले तर झाकणाला वाफ धरते आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं पाणचट होतं.

बुरशीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: मुळाभोवती बारीक पांढरी लव दिसली आणि पाण्याखाली धरताच ती चपटी होऊन दिसेनाशी झाली, तर ती मुळाचीच लव असते. बुरशी जाळ्यासारखी एका दाण्यावरून दुसऱ्यावर जाते आणि तिला कुबट वास असतो. तशी खेप अख्खी टाकायची, निवडत बसायचं नाही.

साधनांबद्दल माझं मत आता पक्कं झालं आहे. प्लास्टिकचे तीन मजली मोडाचे डबे मुगासाठी ठीक आहेत, पण मटकीने त्यांची भोकं बुजतात आणि खालच्या मजल्यात पाणी साचतं. कोपरेही घासता येत नाहीत. स्टीलची चाळणी उकळता येते, तिच्यापुढे मला काही नको. कडधान्य मी जिथे माल लवकर खपतो अशा दुकानातून थोडंथोडं आणते. जुन्या मटकीत गणंग वाढतात. नवा पुडा आणला की मूठभर भिजवून बघते आणि अर्ध्याहून जास्त फुगले नाहीत तर तो पुडा भाजणीला लावते. पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं मात्र कधीही वापरू नका, त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं.

राजम्याला मोड आणून वाफवू का, असं एकीने विचारलं होतं. नको. राजम्यातलं विषारी द्रव्य नुसत्या वाफेने जात नाही, तो भिजवून, पाणी टाकून, खळखळ उकळून पूर्णच शिजवावा लागतो. या वेळापत्रकात त्याला जागा नाही.

पुढच्या आठवड्यात हुलगे आणायचं ठरवलं होतं, मटकीच्या जागी. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं की हुलग्यांना हरभऱ्यांइतकाच वेळ लागतो आणि बुधवार-गुरुवारचा एकच दिवस त्यांना पुरणार नाही. म्हणजे ते गुरुवारी रात्री भिजायला हवेत आणि हरभऱ्यांना सुट्टी. हुलग्यात गणंग मटकीइतकेच असतात, तेव्हा रोळण्याची खरी परीक्षा तिथेच. शिवाय शनिवारी वाफवलेल्यातले वाटीभर गोठवून ठेवणार आहे, सोमवारच्या डब्याची रिकामी जागा त्यातून भरते का बघायला. गोठवलेले मोड सुटल्यावर मऊ पडतात, म्हणून ते कोशिंबिरीत न घालता थालीपिठात मळेन. हुलगे कुणी चाळणीत पसरून केले असतील तर जाडी किती ठेवलीत ते कळवा, मी सध्या अर्ध्या पेरापासून सुरू करते.