आमची वाटचाल : पंधरा फर्मे आणि एक पिस्ता रंगाची वही

मंगळवार पेठेतील दोन खोल्यांत आम्ही मुद्रितशोधनाचे काम सुरू केले, त्याला आता बावीस वर्षे झाली. पहिल्या दोन वर्षांबद्दल सांगण्यासारखे फारसे नाही. लग्नपत्रिका, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणिका असे काम येई आणि वेळेवर जाई. तिसऱ्या वर्षी एका पुस्तकाने आमचा धंदा जवळजवळ बंद पाडला. या व्यवसायात आम्हांला जे काही कळले आहे, ते बहुतेक सगळे त्या एका पुस्तकातून कळले, म्हणून त्याविषयीच सविस्तर लिहितो.

एक निवृत्त प्राथमिक शिक्षक आपल्या वडिलांच्या आठवणी घेऊन आले होते. वडील, म्हणजे आबा, कोल्हापूरच्या तालमीत घडलेले पैलवान. मजकूर पेजमेकरमध्ये लावून झाला होता. २४० पाने, म्हणजे सोळा पानांचा एक याप्रमाणे बरोबर पंधरा फर्मे. गुरुजी म्हणाले, "शुद्धलेखन तेवढे बघा, बाकी सगळे माझे आहे." आम्ही मुद्रितशोधनाचा दर सांगितला, त्यांनी तो मान्य केला आणि प्रकाशन समारंभाची तारीख देऊन ते गेले.

माझे भागीदार तात्या यांच्याइतकी तीक्ष्ण नजर मी दुसऱ्या कोणाची पाहिलेली नाही. ओळीखाली जाड पुठ्ठ्याची पट्टी धरून, खालचा मजकूर झाकून ते वाचत, म्हणजे डोळा पुढे पळत नाही. त्या नजरेला शुद्धलेखनापलीकडचे बरेच दिसले. तिसऱ्या प्रकरणात आबा एका मल्लाला ढाक मारून आठ मिनिटांत चीत करतात, आणि सातव्या प्रकरणात त्याच मल्लाला वीस मिनिटांच्या झुंजीनंतर घिस्सा मारून हरवतात. तात्यांनी ही पुनरुक्ती समजून सातव्या प्रकरणातील कुस्ती काढून टाकली. आबांच्या तोंडचे "न्हाई", "काय करायलाईस" हे सारे प्रमाणभाषेत आणले आणि दोन प्रकरणांची अदलाबदलही केली. हे सर्व त्यांनी मनापासून, एक पैसाही जादा न घेता, रात्री जागून केले. मला त्यांचा अभिमान वाटला होता, हे मी आजही लपवीत नाही.

लावलेल्या पानांतून मजकूर काढला की पुढची सगळी पाने सरकतात. अनुक्रमणिकेतील आकडे चुकले, "मागे पान ५२ वर सांगितल्याप्रमाणे" असे जिथे लिहिले होते तिथे पान ५२ वर भलतेच काही आले, आणि दोन छायाचित्रांखालच्या ओळी एकमेकींच्या जागी गेल्या. बदललेली वाक्ये नव्याने टाइप झाली तेव्हा त्यांत नव्या चुका शिरल्या, आणि त्या वाचायला वेळ उरला नव्हता. पाचशे प्रती छापल्या गेल्या. समारंभात गुरुजींनी आबांच्या शेवटच्या आजारपणाचा उतारा वाचायला घेतला आणि दुसऱ्याच वाक्यावर ते थांबले. "हे माझे वडील बोलत नाहीत," एवढेच त्यांनी माइकवर सांगितले आणि पुस्तक मिटून ते खाली बसले.

आम्ही पैसे परत केले आणि पुस्तक स्वखर्चाने पुन्हा छापून देण्याचे कबूल केले. तात्या त्याच महिन्यात भागीदारीतून बाहेर पडले. पुढचे नऊ महिने आम्ही प्रेसवाल्या अण्णांच्या उधारीवर काढले. कागदाचे पैसे त्यांनी हप्त्यांनी घेतले, आणि ते उपकार या दुकानावर कायम आहेत.

याच काळात आमच्याकडे दोन वर्षे काम शिकलेल्या एका गृहस्थाने स्वतःचे कार्यालय थाटले. त्याने पानामागे एकच दर लावला आणि त्यात "संपूर्ण संपादन" देऊ केले. आमच्या समारंभाची हकीकत तो प्रत्येक ग्राहकाला सांगे, याचा सल अजून गेलेला नाही. त्याचे काम वाईट होते असे मी म्हणणार नाही, पण एकच दर ही फसवणूक आहे, हे मी तेव्हाही म्हणत होतो. आमच्याकडे एक माणूस दिवसाला चाळीस पानांचे मुद्रितशोधन नीट करतो. भाषासंपादन, म्हणजे वाक्यावाक्याचा अर्थ नीट लागतो का हे पाहणे, बारा ते पंधरा पानांचेच होते. आणि आशयसंपादनाचे, म्हणजे पुस्तकाची रचना आणि त्यातल्या उणिवा पाहण्याच्या कामाचे, मोजमाप पानांत करताच येत नाही, कारण त्यात आठवडाभर नुसते वाचन आणि टिपणे चालतात, लेखकाच्या एका वाक्यालाही हात लागत नाही. या तिन्ही कामांना एकच दर लावणारा माणूस त्यांतले सर्वांत हलके काम करणार, किंवा आमच्यासारखे तिन्ही एकदम करून पुस्तकाचा घात करणार.

दुसऱ्यांदा काम हाती घेताना आम्ही लावलेली पाने बाजूला ठेवली आणि गुरुजींची मूळ हस्तलिखित प्रत मागितली. आशयापासून सुरुवात केली. प्रत्येक प्रकरणासाठी एक पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घेऊन त्यावर तीनच गोष्टी लिहिल्या : काळ कोणता, माणसे कोण, आणि प्रकरण संपल्यावर वाचकाला नवे काय कळते. चौदा पुठ्ठे टेबलावर मांडल्यावर दोन्ही कुस्त्या शेजारी आल्या. या वेळी आम्ही काहीही काढले नाही. चार पानांचे पत्र लिहून गुरुजींना विचारले, की ही एकच कुस्ती आहे की दोन? उत्तर आले, की दोन. पहिली गावच्या जत्रेतली, आणि दुसरी पुढच्या वर्षी खासबागेत झालेली उलट लढत, जिच्यासाठी तो मल्ल वर्षभर तयारी करून आला होता. म्हणजे तात्यांनी पुनरुक्ती म्हणून जी काढली, ती त्या पुस्तकातली सर्वांत मोठी कुस्ती होती. उणीव एवढीच होती, की "पुन्हा गाठ पडली" हे सांगणारे एक वाक्य गुरुजींनी लिहिलेच नव्हते, कारण त्यांच्या घरात ते सर्वांना ठाऊक होते. आशयसंपादकाने उणीव दाखवायची असते. ती भरायची कशी, हे लेखकाने ठरवायचे. ते वाक्य गुरुजींनी लिहिले, आणि जत्रेचे प्रकरण त्यांनी स्वतःच्या हाताने पुढे सरकवले.

रचना पक्की झाल्यावरच भाषासंपादन. ज्याला हल्ली सगळे कॉपी एडिटिंग म्हणतात, त्या कामात वाक्य हे माप असते. गुरुजींचे एक वाक्य असे होते : "आबांनी वस्तादांना नमस्कार केल्यावर त्यांनी त्यांचा कान धरला." यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही, त्यामुळे मुद्रितशोधक यावरून पुढे जाणार आणि त्याचे ते बरोबरच आहे. पण आपल्या आदरार्थी बहुवचनामुळे कोणी कोणाचा कान धरला हे कळत नाही. भाषासंपादकाने समासात शंका लिहिली आणि गुरुजींनी सांगितल्यावर वाक्य झाले : "आबांनी नमस्कार केला, तसा वस्तादांनी त्यांचा कान धरला." बदल झाला तो अर्थ लागण्यापुरता, वाक्य अधिक सुंदर करण्याचे काम आमचे नव्हते.

बोलीचा प्रश्नही याच पातळीवर सुटला. निवेदन मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे, संवाद जसेच्या तसे, हे एका वाक्यात ठरले. पण आबा एका पानावर "न्हाई" म्हणत, दुसऱ्यावर "नाय" आणि तिसऱ्यावर "नाही", आणि हा फरक बोलीचा नसून लिहिणाऱ्याच्या हाताचा होता. गुरुजींना विचारून "न्हाई" ठरले आणि ते शैलीपत्रकात गेले. आमचे शैलीपत्रक म्हणजे पिस्ता रंगाच्या पुठ्ठ्याची वही. डाव्या पानावर शब्द, उजव्या पानावर घेतलेला निर्णय आणि तो कोणी घेतला त्याची खूण. "खासबाग" जोडून, "कोल्हापूर" दीर्घ पण "कोल्हापुरात" ऱ्हस्व, सगळे आकडे देवनागरी, अशा नोंदी आहेत. ही वही नसली तर पहिल्या फर्म्यातला निर्णय दहाव्या फर्म्यात कोणाच्याही लक्षात राहत नाही.

त्याच वाचनात आणखी एक गोष्ट अडली. आबांना १९२५ साली शाहू महाराजांच्या हस्ते फेटा मिळाला, असे लिहिले होते. महाराजांचे निधन १९२२ साली झाले. अशा ठिकाणी साल बदलून मोकळे होण्याचा मोह फार होतो, कारण १९२१ केले तर सगळे जुळते. आम्ही फक्त विसंगती दाखवली. गुरुजींनी आबांची जुनी चोपडी काढून पाहिली, तर तिथे साल १९२५च होते आणि नुसते "महाराजांनी फेटा दिला" असे होते. ते महाराज म्हणजे तेव्हा गादीवर असलेले राजाराम महाराज. चूक सालात नव्हती, नावात होती; आम्ही साल बदलले असते तर खरी नोंद पुसली गेली असती.

मुद्रितशोधन सर्वांत शेवटी, पाने पुन्हा लावून झाल्यावर केले. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने पट्टी धरून पानावर पाहायचे. सरकलेला रफार, दुसऱ्याच अक्षराला चिकटलेली पहिली वेलांटी, गळलेले अनुस्वार, पानाच्या माथ्यावर एकटी पडलेली ओळ, अनुक्रमणिका, पृष्ठांक, छायाचित्रांखालच्या ओळी, एवढेच त्याचे क्षेत्र. इथे शब्द आवडला नाही म्हणून बदलायचा नाही. १९२५सारखे काही या टप्प्यावर दिसलेच तर खूण करून लेखकाकडे पाठवायचे, स्वतः हात लावायचा नाही.

तेव्हापासून कोणतेही काम घेण्याआधी आम्ही दहा पाने मागतो, आणि ती मधली मागतो. सुरुवातीची पाने लेखकाने दहा वेळा घासलेली असतात, त्यांवरून काही कळत नाही. त्या पानांवर पेन्सिलीने तीन प्रकारच्या खुणा करतो : अक्षर चुकले, वाक्य अडले, आणि "हे इथे का आले?" तिसऱ्या खुणा दहा पानांत चार-पाच झाल्या तर मुद्रितशोधनाचे पैसे घ्यायला आम्ही नकार देतो, कारण जे प्रकरण उद्या उठणार आहे त्याच्या वेलांट्या आज तपासून उपयोग नाही. दुसऱ्या खुणाच जास्त असतील तर भाषासंपादन पुरते. पहिल्याच असतील तर आधी पाने लावून आणा, असे सांगतो. विद्यापीठाच्या प्रबंधांना मात्र आम्ही आशयसंपादन करीतच नाही. तिथली मांडणी विद्यार्थ्याची आणि त्याच्या मार्गदर्शकाची असली पाहिजे. आम्ही भाषा आणि मुद्रिते पाहतो.

नवीन लेखकांना एवढे सांगेन, की "एकदा नजर टाका" असे म्हणून मजकूर कोणाच्या हाती देऊ नका. काय बदलायचे नाही, ते आधी कागदावर लिहून द्या. गुरुजींनी ते तोंडी सांगितले होते, आणि आम्ही ते ऐकूनही ऐकले नव्हते.

गुरुजींची पुढची दोन्ही पुस्तके आमच्याकडेच आली. आता ते नाहीत. गेल्या पावसाळ्यात त्यांचा नातू आबांच्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून आला, तेव्हा मी कपाटातून ती पिस्ता वही काढून त्याच्यापुढे ठेवली. "न्हाई" या शब्दासमोर गुरुजींची निळ्या शाईची सही आहे. त्याने त्या पानाचा मोबाइलवर फोटो घेतला आणि विचारले, की नव्या आवृत्तीत काय काय बदलावे लागेल. पाने नव्याने युनिकोडमध्ये लागणार आहेत, तेव्हा रफार आणि वेलांट्यांसाठी मुद्रितशोधन करावे लागेल, बाकी काही नाही, असे मी त्याला लिहून दिले.